पाचव्या अपवादाचं कारण

पवित्रा बोरगावे हिला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपनीत सगळे 'डिक्शनरीबाई' म्हणत. म्हणणारे हसून म्हणत, आणि तिलाही त्यात वावगं वाटत नसे. मंगळवार पेठेतून सकाळी आठची कंपनीची बस, डब्यात भाकरी नि झुणका, कपाळावर विभूतीची तीन बोटं, आणि पर्समध्ये पानं सुटलेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. मराठी शाळेत शिकलेली बाई इंग्रजी कागदांच्या खात्यात बसली म्हणजे असा आधार लागतोच. तिचा नवरा सोमशेखर म्हणायचा, "देवघरातल्या पोथीपेक्षा त्या डिक्शनरीला तू जास्त हात लावतीस." ती म्हणायची, "देव माफ करतोय वो, साहेब करत न्हाईत."

कंपनी दूध काढायची यंत्रं बनवायची. एक-दोन जनावरं असलेल्या बाईला परवडेल, उचलून नेता येईल, असलं छोटं यंत्र. त्या यंत्राबरोबर जाणारी पुस्तिका, पत्रकं, फॉर्म हे सगळं पवित्राच्या खात्याचं काम. खातं म्हणजे ती, एक संगणक आणि एक खिडकी. इंग्रजीचं मराठी ती स्वतः करत नसे. ते काम शिवाजी पेठेतले शिवानंद हिरेमठ करून द्यायचे. पण कुठल्या इंग्रजी शब्दाला कुठला मराठी शब्द वापरायचा त्याची यादी, म्हणजे शब्दसूची, ती पवित्राची. चार वर्षांपूर्वी तिनं एकेक शब्द कोशात शोधून ती केली होती. एकशे साठ शब्द. अमरसिंह साहेबांनी त्यावर सही करताना "वा" म्हटलं होतं, आणि तो 'वा' तिनं जपून ठेवला होता.

दिवाळीच्या आधी तीन आठवडे तिला पहिल्यांदाच गावात पाठवलं. सीमेकडच्या एका खेड्यातल्या बायकांच्या दूध संस्थेनं चाळीस यंत्रं सांगितली होती. वसुबारसेला, गाय-वासराच्या पूजेच्या दिवशी, ती घरोघर द्यायची. त्याआधी एक यंत्र चालवून दाखवायचं, म्हणून मेकॅनिक सम्राटबरोबर पवित्रा गेली. संस्थेच्या अध्यक्ष बाळाबाईंच्या गोठ्यात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. बाळाबाई म्हणजे साठीची, खणखणीत बाई. तिनं यंत्राभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "ह्ये बघा पावणं, तुमचा मेकॅनिक आज आला, उद्या न्हाय येणार. आमचं आमाला चालवाय आलं तर ठेवून घेऊ. न्हायतर वसुबारसेला नुसती गाय पुजू, यंत्र तुमचं तुमी घेऊन जावा."

"येतंय की, मावशी. पुस्तकात सगळं लिहिलंय," पवित्रा अभिमानानं म्हणाली.

"मग वाचू द्या की आमच्या सुनंला. बारावी झाल्या ती."

सून राजनंदिनी पुढं आली. पदर खोचला आणि ठसक्यात वाचायला लागली, "दूध काढण्यापूर्वी कोमट पाण्याने..." आणि थांबली. पुढं छापलं होतं, 'स्तनाग्रे स्वच्छ धुवावीत'. पोरीनं पान जवळ घेतलं, लांब धरलं, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. गोठ्याच्या दारात तिचे सासरे गणपतराव पेंड घेऊन उभे होते, आणि सम्राट होता, आणि शेजारचे दोन बाप्ये होते.

"वाच की गं!"

"न्हाय वाचत मी."

"का? अक्षर बारीक हाय का?"

राजनंदिनीनं पुस्तक सासूच्या कानाशी नेऊन हळूच काय ते सांगितलं. बाळाबाई अशी हसली की म्हैस बिचकून मागं सरकली. पाठोपाठ सगळा गोठा हसला. गणपतराव पेंड तिथंच टाकून बाहेर गेले.

"अवं बाई," बाळाबाईनं डोळे पुसत पवित्राला विचारलं, "ह्ये म्हशीबद्दल लिवलंय का बाळंतिणीबद्दल? म्हशीला सड असत्यात. चार सड. आमी जन्मात दुसरा शब्द ऐकला न्हाय. ह्यो कुणी काढला?"

"असंल कुठला तरी साहेब," सम्राट म्हणाला.

पवित्रानं डिक्शनरीची पर्स पाठीमागं सारली. साहेब नव्हता. ती होती. शब्दसूचीत एकशे बारावा शब्द.

त्या दिवशी सम्राटनं तोंडी सांगून यंत्र चालवलं, दूध निघालं, पण पुस्तक पुन्हा कुणी उघडलं नाही. निघताना बाळाबाईनं ते पवित्राच्या हातात परत दिलं. "वसुबारसेपतूर नीट करून आणा. पोरी वाचतील असं. मग ठेवतो."

परतीच्या गाडीत सम्राट गाणी लावून बसला होता आणि पवित्रा खिडकीबाहेर बघत होती. सड हा शब्द तिला ठाऊक नव्हता असं नव्हे, इथंच तर सगळी गोम होती. तिच्या वडिलांच्या चार म्हशी होत्या. रोज सकाळी पेठेतल्या दूध कट्ट्यावर ते म्हशी उभ्या करायचे आणि गिऱ्हाईक समोर पेला धरून उभं राहायचं. धार थेट पेल्यात, फेसासकट. तिची आई मल्लव्वा म्हशीच्या पायाशी बसून आधी सड धुवायची. पवित्रा पाण्याची कळशी धरायची. सातवीत तिनं 'आमची म्हैस' असा निबंध लिहिला, त्यात हे सगळं आलं होतं. बाईंनी त्या एका शब्दाखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'ग्राम्य'. वर्गात वाचूनही दाखवलं. तेव्हापासून पवित्राच्या डोक्यात पक्कं बसलं की लिहायचा शब्द निराळा आणि बोलायचा निराळा. कोशात 'स्तनाग्र' सापडला तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! किती शुद्ध, किती कंपनीला शोभणारा.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. आपल्या चुकीसकट. अमरसिंह साहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "गुरुवारी सगळं छापायला जायचंय, पवित्राबाई. फायली तयार झालेल्या आहेत."

"पाच दिवस आहेत, सर."

"हिरेमठांना कळवा. बघा जमतंय का."

तिनं लगेच शिवानंदआण्णांना फोन लावला. "आण्णा, स्तनाग्र काढायचा आणि सड घालायचा. सगळीकडं."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "सगळीकडं म्हंजे कुठं कुठं, ताई?"

"सगळीकडं म्हणजे सगळीकडं."

"तसं न्हाय चालत. लिहून द्या. कुठल्या फायली, कुठं बदलायचं, कुठं हात लावायचा न्हाय. आणि हात लावायचा नसंल तर का, त्ये बी." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "घाई हाय म्हणून तर लिहून मागतोय."

पवित्रा लिहायला बसली आणि मग तिला कळलं की आण्णा का तसं म्हणाले. आण्णांकडच्या फायली सात. एकेक उघडून ती शब्द शोधत गेली तसतसं 'सगळीकडं' विरघळत गेलं. दिवसभर बसून तिनं चिठ्ठी तयार केली. ती अशी होती:

'श्री. हिरेमठ यांस. दूध काढणी यंत्राच्या मराठी कागदांत "स्तनाग्र" हा शब्द काढून "सड" हा वापरावा. वाक्यातले पुढचे-मागचे शब्द त्याला जुळवून घ्यावेत, म्हणजे "स्तनाग्रे धुवावीत" असेल तिथे "सड धुवावेत". म्हणून संगणकाला सांगून एका दमात बदल करू नये, प्रत्येक वाक्य वाचून करावा. बदल करायच्या फायली: वापर-पुस्तिका, जोडणी-पत्रक, साफसफाई व देखभाल. शब्दसूचीत नवा शब्द आजच्या तारखेने घालावा, जुन्यापुढे "वापरू नये" लिहावे. तुमच्या संगणकात साठवलेली जुनी वाक्येही दुरुस्त करावीत, नाहीतर पुढच्या कामात जुना शब्द आपोआप परत येईल. बदललेल्या जागांची यादी सोबत द्यावी.'

खाली अपवाद.

'एक: भाग-सूची. बदलू नये. कारण, सुट्या भागांच्या खोक्यांवर "स्तनाग्र चषक" छापून झाले आहे आणि दुकानदार त्याच नावाने भाग शोधतो. खोकी संपल्यावर बदलू.

दोन: विमा-अर्ज. बदलू नये. कारण, मजकूर विमा कंपनीने मंजूर केलेला आहे. आपण एक शब्द हलवला तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल.

तीन: व्हिडिओखालच्या ओळी. सध्या बदलू नयेत. कारण, आवाज आधीच भरलेला आहे. कानाला एक आणि डोळ्याला एक असे होऊ नये.

चार: "स्तनदाह" हे रोगाचे नाव, कुठल्याही फायलीत. तसेच ठेवावे. कारण, जनावरांच्या दवाखान्याच्या कागदावर तेच असते.

पाच: गोठ्यात लावायचे कास-स्वच्छता पत्रक. बदलू नये. कारण,'

इथं पेन थांबलं. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, बस लागली, तरी पुढं काही लिहून झालं नाही. तिनं चिठ्ठी तशीच पर्समध्ये घातली आणि घरी जाताना शिवाजी पेठेत उतरली.

आण्णांचं ऑफिस एका तालमीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली दंडबैठकांचा धपधप आवाज, गल्लीत कालच्या फुटबॉल मॅचवरून भांडण. वर तीन टेबलं, चाळीस प्रकारचे कोश, आणि भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर. आण्णा पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, सत्तरीला आले तरी हातातली पेन्सिल सुटली नव्हती.

"बसा. चहा सांगतो." त्यांनी चिठ्ठी घेतली आणि पेन्सिलचं टोक ओळीखालून सरकवत वाचायला लागले. मध्येच "हं". मध्येच "झकास". मग थांबले. "ताई, हितं एक अडचण हाय."

"कुठली?"

"पुस्तिकेत आपण लिवणार 'सड-चषक', सडावर बसतो त्यो कप. बाईच्या यंत्रातला त्या कपाचा रबर फाटला, ती दुकानात जाणार. खोक्यावर दिसणार 'स्तनाग्र चषक'. तिला वाटंल, ह्यो भाग आपला न्हवंच. रिकाम्या हातानं घरला."

पवित्रानं कपाळावर हात मारला. "आता?"

"आता काय, पुस्तिकेत पहिल्यांदा शब्द येतो तितं एक ओळ टाकू. 'सड-चषक, दुकानातील खोक्यावर याचे नाव स्तनाग्र चषक असे छापलेले आहे.' एकदाच. पुढं सगळीकडं सड." त्यांनी समासात लिहून घेतलं. पेन्सिल खाली सरकली आणि पाचव्या अपवादाशी येऊन उभी राहिली. "हितं कारण ऱ्हायलंय."

"हो. ते... लिहायचं राहिलं."

"सांगा, मी लिवतो."

पवित्रानं चहाचा कप फिरवला. "ते पत्रक मोठं आहे ना आण्णा, रंगीत. गोठ्याच्या भिंतीवर लागणार. वसुबारसेला डॉक्टर येणार, संस्थेचे मोठे लोक येणार, फोटो निघणार. पुस्तकातलं आत राहतं. पण भिंतीवर म्हणजे जरा..."

"जरा काय?"

"शोभेल असं पाहिजे."

आण्णांनी मान डोलवली, अगदी गंभीरपणे, आणि पेन्सिल टेकवली. "बरं. 'पाच, पत्रक बदलू नये. कारण, शोभा.' लिवू?"

पलीकडच्या टेबलावर टाइप करणारी सुष्मिता खुदकन हसली आणि लगेच पडद्याकडं बघायला लागली.

"थट्टा नका करू, आण्णा."

"थट्टा न्हाय. आमचा नियमच हाय. कारण नसलेला अपवाद आम्ही घेत न्हाय. का, सांगू? सहा महिन्यांनी तुमाला बी आठवत न्हाय आणि मला बी. मग कोणतरी हुशार माणूस त्याला चूक समजून दुरुस्त करतो, न्हायतर चूक असून ती जपून ठेवतो. पहिल्या चारांची कारणं बघा की, कशी दणदणीत हायत! खोकं, मंजुरी, आवाज, दवाखाना. ह्याला असलं एक द्या, म्या लगेच घेतो."

पवित्रा शोधत राहिली. खोकं नव्हतं. मंजुरी नव्हती. आवाज नव्हता. पत्रकात स्तनदाह एकदाच होता आणि तो चौथ्यातच आला होता. आण्णा घाई करत नव्हते, चहात बिस्कीट बुडवत होते. सगळी कारणं बाजूला काढून झाल्यावर तळाला एकच उरलं, लाल शाईतलं, समासातलं. एका शाळेतल्या बाईचं. ते कारण ती आण्णांना कुठल्या तोंडानं सांगणार होती?

आणि तिला एकदम हसू फुटलं. चाळीस बायकांच्या गोठ्यात आपण सातवीतल्या निबंधाचे मार्क टांगायला निघालो होतो की! तेही नेमक्या त्या कागदावर, जो हात धुतलेली बाई म्हशीजवळ बसून वाचणार. पुस्तक तर एकदा वाचून फडताळात जाणार, रोज दिसणार ते भिंतीवरचं.

"द्या इकडं," ती म्हणाली. तिनं पाचव्या अपवादावर आडवी रेघ मारली आणि वर, बदल करायच्या फायलींत, चौथं नाव घातलं: 'कास-स्वच्छता पत्रक'. मग जरा विचार करून त्यापुढं लिहिलं, 'हे सर्वात आधी करावे.'

"असं!" आण्णा म्हणाले. "पण साहेबांचं?"

तिनं तिथूनच फोन लावला. खालच्या भांडणात तिला ओरडून बोलावं लागलं. "सर, गोठ्यातल्या पत्रकावर पण सड घालतोय! भिंतीवरच्या!"

ती देवाचं नाव घेत उभी राहिली. मग साहेब म्हणाले, "आमच्या मातोश्री काय म्हणायच्या, माहितंय का?"

"काय, सर?"

"सडच! दुसरं काय म्हणणार? घाला."

बुधवारी दुपारी आण्णांनी चार फायली पाठवल्या, बदललेल्या जागांच्या यादीसह. पवित्रानं यादी एकेक ओळ फाईलशी ताडून पाहिली. कुठं शब्द बदलला होता पण वाक्य अडखळत होतं अशा दोन जागा सापडल्या, त्या सुष्मितानं तासाभरात नीट केल्या. विमा-अर्ज, भाग-सूची, व्हिडिओ जसेच्या तसे. गुरुवारी सगळं छापायला गेलं. घरी येऊन तिनं देवापुढं दिवा लावला आणि जास्तीची एक वात घातली. मग मल्लव्वाला फोन करून सांगितलं. मल्लव्वा कानानं कमी ऐकायची, तरी तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे इतकी वर्सं तुमच्या कंपनीत दुसरं काय म्हणत होते ग?"

"नको विचारूस, अव्वा."

वसुबारसेला संध्याकाळी बाळाबाईंचा गोठा सारवून, रांगोळी काढून तयार होता. गाईच्या शिंगांना गेरू, वासराच्या गळ्यात झेंडू. ओवाळणी झाली, उडदाचे वडे झाले, डॉक्टरांचं छोटं भाषणही झालं. मग सगळे म्हशीकडं वळले. सम्राटनं यंत्र ठेवलं आणि ठरल्याप्रमाणं हात मागं बांधून कोपऱ्यात उभा राहिला.

बाळाबाई स्वतः बसली. भिंतीवरच्या पत्रकाशी शेजारची एक बाई उभी राहिली, चौथीपर्यंत शिकलेली, कानडी घरातली. एकेक अक्षर जोडून वाचणारी. "को-मट पाण्यानं सड धु-वा-वे-त."

"धुतलं!" बाळाबाई.

"स्वच्छ फ-डक्यानं पु-सावेत."

"पुसलं! पुढं चल, म्हस पान्हवली बघ!"

"पहिल्या चार धा-रा वेगळ्या वाटीत का-ढाव्यात. गु-ठळ्या दिसल्या तर..."

"न्हाय दिसत. दूध फळफळीत हाय. लाव आता!"

चार चषक चार सडांवर बसले, पारदर्शक नळीतून दूध धावत निघालं आणि गोठ्यात एकच कालवा उठला. दारात उभे असलेले गणपतराव, या वेळी पेंड हातातच धरून, सुनेला म्हणाले, "दूध थांबल्यावर आधी कळ बंद कराय लागत्या का आधी काढाय लागतंय, त्ये बघ की गं वाचून." आणि राजनंदिनीनं मोठ्यानं वाचलं, सासऱ्याच्या, डॉक्टरांच्या आणि सगळ्या गावाच्या देखत: "आधी कळ बंद. मग चषक काढावेत. ओढून काढल्यास सडाला इजा होते."

"बरुबर हाय," गणपतराव म्हणाले.

यंत्र बंद झालं. बाळाबाईनं औषधाच्या पाण्यात एकेक सड बुडवला, हात धुतले, आणि उठून पवित्रासमोर उभी राहिली. "ठेवलं यंत्र. चाळीसच्या चाळीस." पवित्रा काही बोलणार, तेवढ्यात बाळाबाईनं तिला हाताला धरून पत्रकाशी नेलं आणि खालच्या एका ओळीवर ओलं बोट ठेवलं.

"आता मला सांगा, ह्ये 'निर्वात दाब' म्हंजे काय?"

"ते... यंत्र आत ओढून घेतं ना, मावशी. त्याचा जोर."

"मग 'ओढ' म्हणा की! ओढ कमी, ओढ जास्त. वासरू बी ओढच लावतंय."

"ओढ न्हाय, ओढा म्हणत्यात आमच्यात," मागून एक म्हणाली. "गप ग, ओढ्याच्या पाण्यात म्हशी बसत्यात," दुसरीनं तिला दटावलं. तिसरीला 'जंतुनाशक द्रावण' पटत नव्हतं, चौथी म्हणत होती की ते ऱ्हाऊ दे, औषधाच्या बाटलीवर तसंच लिवलेलं असतंय.

"थांबा, थांबा, एकेक!" पवित्रानं पर्समधून कागद काढला आणि उलट्या ठेवलेल्या पाटीवर बसली. वर 'श्री. हिरेमठ यांस' लिहिलं. "हां, मावशी. ओढ. कुठं कुठं बदलायचं? आणि कुठं नाही? आणि नाही तर का नाही, ते पण सांगायचं बरं का!"

सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.